अ‍ॅप काढलं, परवानगी राहिली

फोनमधून अ‍ॅप अनइन्स्टॉल केलं की आपलं त्या कंपनीकडचं खातं संपतं, असं बहुतेकांना वाटतं. पासवर्ड बदलला की जुनं सगळं आपोआप बंद होतं, हा दुसरा समज. पहिला साफ चुकीचा आहे. दुसरा अर्धाच खरा आहे, आणि राहिलेल्या अर्ध्या भागातच खरी गंमत आहे.

तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यातला एखादा होमस्टे डोळ्यांसमोर आणा. सगळा कारभार एका जीमेल खात्यावर. बुकिंगचे मेल त्यावर, गूगल मॅपवरची नोंद त्यावर, खोल्यांचे फोटो त्यावर. पाहुण्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले आधार कार्डांचे फोटोही त्याच खात्याच्या ड्राइव्हमध्ये, ‘पाहुणे’ नावाच्या फोल्डरमध्ये, चार-पाच सीझनचे साठलेले. मधल्या काळात कधी आधारच्या फोटोंची पीडीएफ करायला एक स्कॅनर घेतला, कधी मे महिन्याची ऑफर जुन्या पाहुण्यांना एकदम पाठवायला मेलचं एक टूल घेतलं, कधी दोन बुकिंग साइटींची कॅलेंडरं जुळवणारी सेवा घेतली. नवा पासवर्ड लक्षात ठेवायचा कंटाळा, म्हणून प्रत्येक ठिकाणी ‘Continue with Google’ दाबलं. आता त्यातल्या निम्म्यांची नावंही आठवत नाहीत.

हे बटण दाबल्यावर दोनपैकी एक गोष्ट होते, आणि दोन्हींमध्ये फार मोठा फरक आहे. पहिल्या प्रकारात गूगल त्या साइटला एवढंच सांगतं की ही व्यक्ती अमुक, तिचं नाव, ईमेल आणि फोटो हा. दुसऱ्या प्रकारात ती साइट तुमच्या सामानात हात घालायची परवानगी मागते. तेव्हा पडद्यावर ‘See, edit, create, and delete all of your Google Drive files’ असं वाक्य येतं आणि खाली परवानगीचं बटण असतं. हे वाक्य ‘पाहुणे’ फोल्डरलाही लागू आहे. फक्त स्वतः बनवलेल्या किंवा तुम्ही उघडून दिलेल्या फाइलींपुरतीच परवानगी मागण्याची सोयही गूगलने दिलेली आहे. पीडीएफ करणाऱ्या अ‍ॅपला तेवढी पुरते. जे अ‍ॅप तरीही सगळा ड्राइव्ह मागतं, त्याच्या हेतूबद्दल नाही, तरी त्याच्या आळसाबद्दल शंका घ्यायला हरकत नाही.

परवानगी दिल्यावर अ‍ॅपला तुमचा पासवर्ड मिळत नाही. त्याला दोन टोकन मिळतात, म्हणजे अक्षरं-आकड्यांच्या दोन लांबलचक माळा. एक अ‍ॅक्सेस टोकन. ते दाखवलं की फाइल मिळते, पण ते साधारण तासाभरातच बाद होतं. दुसरं रिफ्रेश टोकन. त्याने फाइल मिळत नाही, मिळतं ते नवं अ‍ॅक्सेस टोकन, आणि तेही हवं तितक्या वेळा. तुम्ही रात्री झोपलेले असताना अ‍ॅपचा सर्व्हर गूगलकडे जी मागणी करतो, ती थोडक्यात अशी असते:

```
POST https://oauth2.googleapis.com/token

grant_type=refresh_token
client_id=...
client_secret=...
refresh_token=1//0g...
```

यात काय नाही ते पाहा. तुमचा पासवर्ड नाही, फोनवर येणारा ओटीपी नाही, फोनचाही पत्ता नाही. परवानगीच्या क्षणी हे सगळं एकदा तपासून झालेलं असतं, पुन्हा कुणी विचारत नाही. हे टोकन कंपनीच्या सर्व्हरवर राहतं, त्यामुळे तुमच्या फोनमधलं अ‍ॅप उडवून त्याला काहीच होत नाही. मुंबईत राहणारा माणूस गावच्या जमिनीचं कुलमुखत्यारपत्र कुणाला तरी देतो आणि पुढे घराचं कुलूप बदलतो. कुलूप बदललं म्हणून ते पत्र रद्द होत नाही, ते वेगळं रद्द करावं लागतं. इथेही तसंच.

मग पासवर्ड बदलल्याने काहीच होत नाही का? गूगलचा नियम मोठा मजेशीर आहे. ज्या रिफ्रेश टोकनमध्ये जीमेलची परवानगी आहे, ते पासवर्ड बदलताच बाद होतं. ज्यात फक्त ड्राइव्ह, कॅलेंडर किंवा कॉन्टॅक्ट्सची परवानगी आहे, ते तसंच चालू राहतं. म्हणजे आपल्या होमस्टेवाल्याने पासवर्ड बदलला तर ऑफर पाठवणारं मेलचं टूल थांबेल, पण आधार कार्डं पाहू शकणारा स्कॅनर थांबणार नाही.

दुसरा नियम सहा महिन्यांचा. रिफ्रेश टोकन सलग सहा महिने वापरलंच गेलं नाही तर गूगल ते रद्द करतं. ऐकायला बरं वाटतं, पण इथे वापर मोजला जातो तो टोकनचा, तुमचा नाही. तुम्ही 2020 नंतर एखादी सेवा उघडलीही नसेल, पण तिचा सर्व्हर रोज रात्री ‘काही नवं आलंय का’ म्हणून डोकावत असेल, तर तिची मुदत रोज नव्याने सुरू होते. विसरलेली पण जिवंत असलेली सेवा म्हणूनच जास्त त्रासाची. मध्येच ती कंपनी विकली गेली किंवा तिचा सर्व्हर कुणी फोडला, तर टोकनं त्या सामानासकट जातात.

यात हॅकिंग लागतंच असंही नाही. 2017च्या मे महिन्यात ‘Google Docs’ असं नाव धारण केलेलं एक खोटं अ‍ॅप मेलमधून पसरलं. ते पासवर्ड मागतच नव्हतं. ते गूगलच्या खऱ्याखुऱ्या परवानगीच्या पानावर नेत होतं आणि मेल व कॉन्टॅक्ट्स मागत होतं. ज्यांनी होकार दिला त्यांच्या ओळखीच्या सगळ्यांना तोच मेल पुढे जाई. गूगलने साधारण तासाभरात ते थांबवलं. दोन टप्प्यांची पडताळणी चालू असलेले लोकही त्यात सापडले, कारण परवानगी त्यांनी स्वतःच दिली होती.

जाता जाता, ‘मी फेसबुकला माझे फोटो वापरायची परवानगी देत नाही, हा मजकूर कॉपी करून आपल्या भिंतीवर टाका’ हा संदेश अधूनमधून फिरतो. कायद्याची कलमं घातलेली असली तरी त्याचा उपयोग शून्य. ती परवानगी खातं उघडताना अटी मान्य केल्या तेव्हाच दिलेली असते, भिंतीवर लिहून ती जात नाही.

आता काढायची कशी ते. इथे क्रम महत्त्वाचा आहे आणि बहुतेकजण तो उलटा करतात. आधी गूगलच्या यादीतून अ‍ॅप उडवतात आणि सुटलो म्हणतात. त्याने पुढची ये-जा थांबते, पण त्या कंपनीकडचं तुमचं खातं आणि तोवर तिने उतरवून घेतलेल्या फाइली तशाच राहतात. त्याहून वाईट म्हणजे जुनं जीमेल खातंच आधी डिलीट करणं. तिकडे शिरायची वाट तेवढीच होती, मग तिथलं खातं मिटवायलाही आत जाता येत नाही.

स्कॅनरचंच उदाहरण घेऊ. आधी त्याच्या साइटवर त्याच गूगल खात्याने आत जा. तिथे साठलेल्या फाइली असतील तर त्या आधी पुसा, मग सेटिंगमध्ये Delete account शोधा. Deactivate वेगळं, त्यात खातं फक्त झाकलं जातं. बटणच नसेल तर प्रायव्हसी पॉलिसीच्या तळाशी तक्रारीचा ईमेल पत्ता असतो. त्यावर नोंदवलेल्या मेलवरूनच ‘खातं आणि सर्व माहिती मिटवा’ असं लिहा. आपल्या 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या 12व्या कलमात माहिती मिटवून घेण्याचा हक्क लिहिलेला आहे, ते कलम लागू झालं आहे का ते पाहून त्याचा उल्लेख करा. मिटवल्याचा मेल आला की मगच `myaccount.google.com/connections` उघडा, अ‍ॅपच्या नावावर जा, नेमकी कोणती परवानगी होती ते वाचा आणि सगळी जोडणी काढून टाका. यानंतर त्या सर्व्हरने वरची मागणी केली तर त्याला `invalid_grant` एवढंच उत्तर मिळतं.

खातं खरंच मिटलं का हे बघायला पुन्हा लॉगिन करून पाहायचा मोह होतो. पाहा, पण एक लक्षात ठेवा. गूगल त्या साइटला दर वेळी तुमचा तोच ओळख क्रमांक देतं, त्यामुळे जुन्या फाइली दिसल्या तर खातं मिटलेलं नव्हतं. काहीच दिसलं नाही, तर तुम्ही आत्ता नवं कोरं खातं उघडलं आहे. दोन्ही वेळा जोडणी पुन्हा तयार झालेली असते, ती पुन्हा काढावी लागते.

विसरलेली खाती शोधायला जीमेलच्या शोधपट्टीत हे टाका:

```
in:anywhere before:2021/01/01 subject:(welcome OR verify OR confirm)
```

तारीख मागे-पुढे करून दोन-तीनदा पाहा. फेसबुकने उघडलेल्या खात्यांची यादी त्याच्या सेटिंगमध्ये ‘Apps and websites’खाली मिळते. तिथे Expired दिसलं म्हणून खूश होऊ नका. तुम्ही 90 दिवस ते अ‍ॅप वापरलं नाही म्हणून फेसबुकने नवी माहिती देणं थांबवलं, एवढाच त्याचा अर्थ. आधी गेलेली तिकडेच आहे.

किनाऱ्यावर आणखी एक भानगड असते. वाडीत नव्या कंपनीचा टॉवर आला, रेंज चांगली मिळाली की नवं सिम येतं आणि जुनं रिचार्जअभावी बंद पडतं. बंद झालेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो. जुन्या खात्यांवर तोच नंबर असेल तर त्यांचा ओटीपी त्या नव्या माणसाकडे जातो. म्हणून सिम सोडायच्या आधी, ते चालू असतानाच, त्या नंबरवरची खाती मिटवायची किंवा त्यांचा नंबर बदलायचा. नंतर ते काम फार चिवट होतं.

ही साफसफाई पावसाळ्यात करावी, आणि एका दिवशी एकच जोडणी काढावी. कॅलेंडर जुळवणारी सेवा चुकून उडाली तर काही वाजत नाही, नुसतं जुळणं थांबतं. मग दिवाळीच्या सुट्टीत एका खोलीसाठी दोन कुटुंबं दारात उभी राहतात. प्रत्येक जोडणी काढल्यावर पुढच्या महिन्यातली एक तारीख एका साइटवर अडवून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्या साइटवरही अडलेली दिसते का पाहा.

कॅलेंडरच्या बाबतीत गूगलची ती यादीही पुरी पडत नाही. अनेक बुकिंग साइटी परवानगी मागतच नाहीत. त्या कॅलेंडरची एक गुप्त लिंक घेतात, आणि ती लिंक ज्याच्याकडे आहे त्याला तुमच्या सगळ्या नोंदी दिसतात. पाहुण्याचं नाव आणि फोन नंबर कॅलेंडरमध्ये लिहायची सवय असेल तर तेही दिसतं. ही लिंक connections च्या पानावर कुठेच येत नाही. संगणकावर गूगल कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये त्या कॅलेंडरचं नाव निवडा, ‘Integrate calendar’खाली ‘Secret address in iCal format’ सापडेल, आणि शेजारी Reset. ते दाबताच जुनी लिंक सगळ्यांसाठी मरते, म्हणून नवी लिंक चालू असलेल्या साइटींना त्याच वेळी द्यायची.