एसीच्या नळीतून पडतं ते पाणी कुठलं?

"पावसाळ्यात एसीतून पाणी जास्त गळतं, म्हणजे आतला गॅस वितळून चाललाय ना?"

नाही. गॅस बंद तांब्याच्या नळ्यांत फिरतो. गळला तर हवेत उडून जातो, बादलीत साठत नाही. ते पाणी तुमच्या खोलीतलंच.

जुलैतली सांगली घ्या. खोली २८ अंश, आर्द्रता ८० टक्के. दहा बाय बाराच्या खोलीतल्या हवेत तेव्हा साधारण पाऊण लिटर पाणी वाफेच्या रूपात असतं. ही हवा २४ अंशांच्या आसपास आली की वाफेचं पाणी व्हायला लागतं, आणि एसीची आतली कॉइल असते १०-१२ अंशांवर. पंखा हवा तिच्यावरून ओढतो, थेंब पत्र्यांवर जमतात, खालच्या ट्रेमधून नळीवाटे बाहेर. दाराच्या फटीतून नवी दमट हवा येतच राहते, म्हणून धारही थांबत नाही.

एप्रिलच्या कोरड्या दुपारी हीच नळी जवळपास सुकी राहते. तेव्हा गॅस भरायला मेकॅनिक बोलावणारेही आहेत! गॅस खरंच कमी असेल तर खोली नीट गार होत नाही आणि कॉइलवर बर्फ धरतो. अर्थात, नुसत्या मळलेल्या फिल्टरनेही बर्फ धरतो. आधी तो धुऊन बघा.