उकळल्याने काय मरतं आणि काय उरतं: बाळाच्या पावडरच्या दुधाचं पाणी

सकाळी पातेलंभर पाणी उकळायचं, गार होऊ द्यायचं, थर्मासमध्ये किंवा झाकणाच्या भांड्यात भरून ठेवायचं आणि दिवसभर त्यातलंच कोमट पाणी घेऊन बाळाची पावडर कालवायची. बहुतेक घरांत फॉर्म्युला दूध असंच बनतं. पाणी उकळलेलं असल्यामुळे सगळं निर्धोक आहे, असं वाटणं साहजिक आहे. पण उकळण्याने फक्त पाण्यातले जंतू मरतात. डब्यातल्या पावडरला ती उकळी लागलेली नसते, आणि पाण्यात विरघळलेला नायट्रेटसारखा क्षार तर तिने जातच नाही.

आधी पावडरचं बघू. फॉर्म्युला पावडर निर्जंतुक नसते. कारखान्यात दूध तापवलं जातं, पण पुढे ते सुकवताना, त्यात जीवनसत्त्वं मिसळताना आणि डबे भरताना थोडे जंतू शिरू शकतात. डबा घरी उघडल्यावर चमच्याने, हाताने, ओट्यावरच्या धुळीनेही ते जातात. त्यात सगळ्यात जास्त भीती क्रोनोबॅक्टर या जिवाणूची. तो कोरड्या पावडरीत महिनोन्‌महिने तग धरतो. त्याचा संसर्ग क्वचितच होतो, पण दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला आणि विशेषतः दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला झाला, तर मेंदूज्वर किंवा रक्तात जंतुसंसर्ग होऊ शकतो. १९९८ साली बेल्जियममध्ये आणि २००१ साली अमेरिकेतल्या टेनेसीमध्ये अशी नवजात बाळं दगावली आणि माग काढल्यावर तो पावडरपर्यंत पोहोचला. त्यानंतर २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नियम घालून दिला की, पावडर किमान ७० अंश सेल्सियसच्या पाण्यात कालवावी. इतक्या गरम पाण्यात हा जंतू काही सेकंदांत मरतो. कोमट पाण्यात तो मरत तर नाहीच, उलट वाढू लागतो. दर अर्ध्या तासाला तो दुप्पट होतो असं धरलं, तरी सकाळी सहाला कालवून बाराला पाजलेल्या बाटलीत एकाचे चार हजार झालेले असतात.

म्हणजे पाणी उकळून ‘कोमट’ करायचं नाही, ‘कमी गरम’ करायचं. यात घोटाळा होतो तो भांड्याच्या आकाराने. ‘उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत वापरा’ हा सल्ला झाकण असलेल्या किटलीतल्या एक लिटर पाण्यासाठी आहे. स्टीलच्या उघड्या पातेल्यात एका बाटलीपुरतं पाणी उकळलं, तर दहा मिनिटांतच ते ७० अंशांच्या खाली जाऊ शकतं. स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर लिटरभर पाणी उकळा, झाकण ठेवा आणि अर्धा तास व्हायच्या आत वापरा.

पुढचा क्रम असा. साबणाने हात धुवा. बाटली, बूच आणि निपल धुऊन उकळून घेतलेली असू द्या. नळाचं ताजं पाणी खळखळ उकळून एक मिनिट तसंच उकळू द्या. महाबळेश्वरच्या उंचीवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, पण जंतूंसाठी तेही पुरेसं आहे. बाटलीत आधी पाणी मोजून घ्या, मग पावडर घाला. आपल्याकडच्या बहुतेक डब्यांवर ३० मिलीला एक सपाट चमचा असं प्रमाण असतं, म्हणजे ९० मिलीला तीन. तरीही आपल्याच डब्यावरचं प्रमाण वाचा आणि त्याच डब्यातला चमचा वापरा.

आधी पाणी का? तीन चमचे पावडर पाण्यात स्वतःची सुमारे १० मिली जागा घेते. आधी पावडर टाकून मग ९० च्या रेघेपर्यंत पाणी भरलं, तर प्रत्यक्षात ८० मिलीच पाणी जातं आणि दूध घट्ट होतं. उन्हाळ्यात किंवा जुलाबात अशा दुधाने बाळाच्या रक्तातलं सोडियम वाढतं आणि अंगातलं पाणी कमी होतं. डबा पुरवायला पावडर कमी घातली, तर उलटा धोका. वजन वाढत नाही, आणि दूध फारच पातळ झालं तर सोडियम घसरून झटके येऊ शकतात. शिगोशीग चमचा भरणंही चुकीचंच. स्वच्छ, कोरड्या सुरीच्या पाठीने वरचा ढीग सारून टाका.

बूच लावून बाटली हलवा आणि मग गार करा. थंड पाण्याच्या भांड्यात किंवा नळाच्या धारेखाली धरा, पण धार बुचापर्यंत जाऊ देऊ नका. मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून कोमट लागला की पाजा. तयार दूध बाहेर ठेवायचं ते जास्तीत जास्त दोन तास, आणि बाळाने तोंड लावलं की एका तासाच्या आत संपवायचं. उरलं तर ओतून द्या. ते पुन्हा गरम करून देऊ नका. पावडर महाग आहे, जीव तुटतो, पण लाळेतून जंतू बाटलीत गेलेले असतात.

डब्यावर कधीकधी ‘पाणी उकळून कोमट करा’ असंच छापलेलं असतं. काही पावडरींत उपयोगी जिवाणू घातलेले असतात. गरम पाण्यात तेही मरतात, म्हणून ही सूचना. बाळ दोन महिन्यांच्या आतलं, कमी दिवसांचं किंवा अशक्त असेल, तर आमच्या मते ७० अंशांचाच नियम पाळावा आणि डॉक्टरांना तसं सांगावं. त्या उपयोगी जिवाणूंवाचून बाळाचं अडत नाही.

आता पाण्याकडे येऊ. विदर्भ-मराठवाड्यातल्या अनेक गावांत नळ म्हणजे बोअर किंवा सार्वजनिक विहिरीचं पाणी टाकीत चढवून सोडलेलं. शेतातला युरिया, गोठा, उकिरडा आणि संडासाचे शोषखड्डे यांतून नायट्रेट झिरपत खाली जातं. वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड, जळगाव या जिल्ह्यांतल्या भूजलात ते मर्यादेबाहेर आढळलेलं आहे. नायट्रेटला चव नाही, वास नाही, रंग नाही. पाणी आरशासारखं स्वच्छ दिसतं.

मोठ्या माणसाला त्याचा लगेच त्रास होत नाही, पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची गोष्ट वेगळी. त्याच्या जठरात आम्ल कमी, म्हणून वरच्या आतड्यात जिवाणू टिकतात आणि नायट्रेटचं नायट्राइट करतात. नायट्राइट रक्तात गेलं की हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं रूप बदलतं आणि ते हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. मोठ्यांच्या रक्तपेशीतलं एक विकर हे बिघडलेलं हिमोग्लोबिन पूर्ववत करत राहतं. तान्ह्या बाळात ते पुरेसं तयार झालेलं नसतं. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवाच्या डॉ. हंटर कॉमली यांनी शेतघरांतली निळी पडलेली बाळं आणि त्यांच्या दुधात वापरलेलं विहिरीचं पाणी यांचा संबंध दाखवला. बाळाला जुलाब असतील तर आतड्यातच जास्तीचं नायट्राइट तयार होतं, त्यामुळे काही वेळा दोष पाण्याचा किती आणि संसर्गाचा किती, यावर तज्ज्ञांत वादही आहे. दोन्ही एकत्र आले की धोका वाढतो, हे मात्र खरं.

आकड्यांत बघा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं. एका विहिरीचा अहवाल आला ४०. म्हणजे पाणी पास. आता कुणी ते ‘नीट’ उकळायचं म्हणून वीस मिनिटं उकळलं आणि लिटरचं पाऊण लिटर उरलं. वाफ गेली ती पाण्याची, नायट्रेट तेवढंच राहिलं. आता त्याचं प्रमाण झालं ५३, म्हणजे पास झालेलं पाणी आपणच नापास केलं. मूळ अहवाल ६० असेल तर तेच ८० होतं. पाच किलोचं बाळ दिवसाला साधारण ७०० मिली पाणी दुधातून घेतं. ६० च्या पाण्यातून, न आटवताही, त्याला दर किलो वजनामागे ८ मिलिग्रॅमहून जास्त नायट्रेट जातं. तेच पाणी तीन लिटर पिणाऱ्या साठ किलोच्या माणसाला मिळतं ३. म्हणून उकळी एक मिनिटाचीच, आणि एकदा उकळलेलं पाणी पुन्हा पुन्हा आटवायचं नाही.

मर्यादेबाहेरच्या पाण्यावर घरगुती उपाय बहुतेक निकामी ठरतात. टीसीएल पावडर, मेडिक्लोरचे थेंब, तुरटी, कँडलचा फिल्टर, यूव्हीचं यंत्र यांतल्या कशानेही नायट्रेट जात नाही. आरओने ते बरंच कमी होतं, पण आरओचं पाणी निर्जंतुक धरता येत नाही. तेही उकळूनच वापरायचं. आयएसआय खुणेचं सीलबंद पाणीही उकळावं लागतं. लग्नकार्यात येणारे थंड पाण्याचे सुटे जार मात्र बाळासाठी नकोतच, कारण त्यांत काय आहे ते सांगणारी कुठलीच खूण त्यांच्यावर नसते. पाणी मृदू करणारं यंत्र इमारतीला बसवलेलं असेल, तर त्याच्या नळाचंही पाणी टाळा. कॅल्शियमच्या जागी त्यात सोडियम आलेलं असतं. गीझरचं गरम पाणी टाकीत साठून राहिलेलं असतं, तेही नको.

आणि पाणी तांब्याच्या हंड्यात ठेवू नका, दूध तर मुळीच नाही. लहान मुलांच्या यकृताचा एक जीवघेणा आजार पूर्वी भारतात बराच दिसायचा. पुण्यात १९८० च्या दशकात डॉक्टरांनी अशा मुलांच्या आहाराची चौकशी केली, तेव्हा कल्हई नसलेल्या पितळी भांड्यांत तापवलेलं आणि ठेवलेलं दूध त्यांना लहान वयात दिल्याचं आढळलं. पितळातही तांबं असतंच, आणि दुधातली प्रथिनं ते धरून ठेवतात. स्टीलची भांडी आली तसा तो आजारही ओसरला.

नायट्रेटची तपासणी वेगळी मागावी लागते. ग्रामपंचायतीला मिळणारं हिरवं कार्ड पाण्याच्या उगमाभोवतालची स्वच्छता आणि जंतूंचा धोका सांगतं. गावच्या जलसुरक्षकाकडे रासायनिक तपासणीचा संच असेल, तर त्यात नायट्रेट बघता येतं. नाहीतर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा किंवा उपविभागीय प्रयोगशाळेत नमुना द्या आणि अर्जात ‘नायट्रेट व फ्लोराइड’ असं स्पष्ट लिहा. पावसाळ्यानंतर आकडा बदलतो, म्हणून मे महिन्यातला अहवाल ऑक्टोबरमध्ये धरू नका. अहवाल येईपर्यंत आईचं दूध मिळत असेल तर तेच द्यावं. आई तेच पाणी पीत असली तरी दुधात नायट्रेट फारसं उतरत नाही.

बाळाचे ओठ, नखं किंवा तोंडाभोवतालची कातडी निळसर-राखाडी दिसू लागली आणि त्या मानाने धाप कमी असेल, तर लगेच दवाखाना गाठा. अशा बाळाचं रक्त काढलं तर ते चॉकलेटी दिसतं आणि हवेत ठेवूनही लाल होत नाही. बोटाला लावायचं यंत्र ८५ च्या आसपास अडतं आणि ऑक्सिजन लावूनही वर सरकत नाही. डॉक्टरांना सांगा की बाळ विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात कालवलेल्या पावडरवर आहे. उपचार मिथिलीन ब्लूच्या इंजेक्शनने होतो, पण तो सुचायला हे पाणी कुठलं, ते आधी कळावं लागतं.