बिडाच्या तव्यावरील पोर्क चॉप (बेळगाव सीमाभाग)

बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, जाड तवा आधी पुरता तापवून त्यावर डुकराच्या पाठीच्या मांसाचा जाड काप दोन्ही बाजूंनी खरपूस भाजण्याची आणि गाभ्याचे तापमान मोजून तो उतरवण्याची पद्धत. काप बहुधा हाडासह काढलेला असतो. बेळगावचा कॅम्प भाग, खानापूर आणि गोव्याकडील गावे येथील ज्या घरांत पोर्क खाल्ले जाते, तेथे ते मुख्यतः रश्श्याचे किंवा व्हिनेगरमध्ये मुरवलेले असते. चॉप हा त्यामानाने साहेबी प्रकार. तो गोव्याकडून आला की कॅम्पातल्या लष्करी खाण्यातून, याबद्दल दोन मते संभवतात. गोव्याच्या पोर्क पदार्थांत मांसाचे लहान तुकडे करून शिजवण्यावर भर असल्याने दुसरे मत अधिक जवळचे वाटते. बेळगावची छावणी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली. चॉपचा प्रसार त्यानंतरचाच असावा.

‘बीड’ हा शब्द मराठीत ओतीव लोखंडासाठी रूढ आहे, आणि कन्नडमध्येही त्याच अर्थाने ‘बीडु कब्बिण’ असे म्हणतात (कब्बिण म्हणजे लोखंड). शब्द कोणी कोणाकडून घेतला हे केवळ रूपावरून ठरवणे अवघड आहे. दोन्ही भाषा जेथे शेजारी नांदतात त्या सीमाभागात तर ते ठरवण्याचा आग्रहही फारसा उपयोगाचा नाही. कोकणात घावन-आंबोळीच्या तव्याला ‘बिडे’ किंवा ‘भिडे’ म्हणतात. धातूचे नाव भांड्याला पडले, हे स्पष्टीकरण उलट दिशेच्या स्पष्टीकरणापेक्षा पटण्याजोगे आहे. बेळगावात ओतकामाचे कारखाने पुष्कळ असले, तरी तेथे मुख्यतः यंत्रांचे सुटे भाग ओतले जातात.

तवा तापवण्याला एवढे महत्त्व का, हे धातूच्या स्वभावातून कळते. बीड उष्णता सावकाश वाहून नेते, ॲल्युमिनियमच्या साधारण चौथ्या हिश्श्याने. त्यामुळे गॅसच्या ज्योतींच्या कड्यावरचा भाग लवकर तापतो आणि काठ थंड राहतो. बीड उष्णता जास्त साठवते असे म्हणतात, पण किलोला किलो तोलले तर ॲल्युमिनियमच अधिक साठवते. बिडाच्या तव्याची साठवण त्याच्या जाडीतून आणि दोन-अडीच किलो वजनातून येते. थंड मांस टाकल्यावर पातळ तवा एकदम निवतो आणि मांसातून सुटलेल्या पाण्यात चॉप उकडतो. जड तवा तेवढा निवत नाही. म्हणून तो मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटे तापवावा आणि दर दोन मिनिटांनी पाव फेरा फिरवावा. मोठ्या आचेवर घाई केली तर मध्य जळतो आणि काठ कोमट राहतो. तापलेल्या बिडावर गार पाणी ओतू नये; ते ठिसूळ असते, तडकते.

पाण्याच्या थेंबाची परीक्षा अर्धीच खरी आहे. थेंब सपाट पसरून चुरचुरला तर तवा कमी तापलेला आहे. तो मोत्यासारखा घरंगळू लागला तर तवा साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा वर गेला आहे, पण नेमका किती वर हे थेंब सांगत नाही. त्यापेक्षा तेल बरे बोलते. रिफाइंड शेंगतेल पातळ होऊन लकाकू लागले आणि धुराची पहिली रेघ निघाली की चॉप टाकावा. घाण्याचे तेल येथे नको. ते पुष्कळ आधीच धुरते आणि फसवते.

खरपूस पापुद्र्याने रस आत बंद होतो, हे मत जर्मन रसायनज्ञ युस्टुस फॉन लिबिग यांच्या एकोणिसाव्या शतकातील लेखनातून पसरले. पुढील प्रयोगांत ते टिकले नाही. खरपूस भाजलेले मांसही तितकेच वजन गमावते, कधी जास्त. तव्यावर चॉप सतत चुरचुरत असतो, तो आवाज रस बाहेर पडत असल्याचाच आहे. पापुद्रा चवीसाठी असतो. तो तपकिरी रंग प्रथिने व शर्करा यांच्या अभिक्रियेतून येतो. लुई-कामिय माइयार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. रसाळपणा मात्र गाभ्याच्या तापमानावर ठरतो. साधारण ६५ अंशांपुढे मांसाचे तंतू जोराने आकसतात, पाणी पिळून निघते आणि ७५ अंशांना चॉप लाकडासारखा होतो.

सुरक्षित तापमानाचा आकडा बदललेला आहे. अमेरिकी कृषी खाते पूर्वी ७१ अंश सांगे. २०११ मध्ये अखंड कापांसाठी ते ६३ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटे थांबणे असे झाले. खिम्यासाठी ७१ अंश कायम आहे, कारण वरचे जंतू त्यात आतपर्यंत मिसळतात. ६३ अंशांना गाभा किंचित गुलाबी राहतो आणि येथील अनेक घरांत त्याला कच्चा म्हणतात. रंग हा पुरावा नव्हे. भारतात मुख्य धोका डुकराच्या मांसातील फीतकृमीच्या गाठींचा आहे. त्या साबुदाण्यासारख्या पांढुरक्या दिसतात; असे मांस शिजवूनही खाऊ नये. (मेंदूतील गाठींचा आजार मात्र मांसातून नव्हे, तर माणसाच्या विष्ठेतून अन्नपाण्यात आलेल्या अंड्यांमुळे होतो. ही गल्लत सुशिक्षितांतही आढळते.)

एक ठरावीक उदाहरण : तीन सेंमी जाड, हाडासह तीनशे ग्रॅमचा चॉप. तासभर आधी मीठ लावून फ्रिजमध्ये उघडा ठेवला, मग पुसून कोरडा केला. चरबीच्या कडेला दोन चिरा दिल्या, नाहीतर कड आकसून चॉप वाटीसारखा वळतो. तवा नऊ मिनिटे तापवून एक चमचा तेल, मग चॉप. तीन मिनिटे हलवला नाही. चिकटला असेल तर ओढू नये. रंग आला की तो बहुतेक आपणहून सुटतो. उलटून आणखी तीन मिनिटे, चिमट्याने उभा धरून चरबीची कड एक मिनिट. मग आच मंद करून दर मिनिटाला उलटत राहिले. सुईचा थर्मामीटर बाजूने, हाडाला न टेकवता मध्यात खुपसला. ६० अंश दिसताच चॉप ताटलीत काढला. बाहेरची उष्णता आत जात राहून तीन-चार मिनिटांत तो ६३ वर गेला आणि त्यानंतर आणखी तीन मिनिटे ठेवला. ६३ गाठले नाही तर पुन्हा तव्यावर टाकावा.

थर्मामीटर तपासताना या भागात एक चूक सहज होते. उकळत्या पाण्यात १०० दिसले पाहिजे असे पुस्तकी गणित असते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे आणि तेथे पाणी साधारण ९७.५ अंशांनाच उकळते. बरोबर चालणारे उपकरण अडीच अंश कमी दाखवते असे समजून जो प्रत्येक वाचनात अडीच मिळवतो, त्याचे ‘६३’ खरे तर ६०.५ असते. बर्फ कुटून थोड्या पाण्यात घालावा आणि शून्य तपासावे. उंचीचा प्रश्न तेथे येत नाही. पिस्तुलासारखा किरणांचा थर्मामीटर फक्त पृष्ठभाग मोजतो. तव्यासाठी तो चालेल, गाभ्यासाठी नाही.

बाजारात सत्तूरने तोडलेले एक सेंमीचे काप या पद्धतीला बसत नाहीत. पापुद्रा येण्याआधीच त्यांचा गाभा ७० पार करतो आणि सुईही नीट मावत नाही. त्यांचा रस्साच करावा.