उंदीर की बैल? १९८५ च्या हिवाळ्यातला तेवीस मिनिटांचा फरक

१ फेब्रुवारी १९८५ ला बीजिंगमध्ये जन्मलेलं बाळ चिनी पद्धतीने उंदराच्या वर्षातलं. त्याच दिवशी हानोईमध्ये जन्मलेलं बाळ मात्र पुढच्या प्राण्याच्या वर्षातलं. चीनमध्ये तो प्राणी बैल, व्हिएतनाममध्ये त्याच्या जागी म्हैस असते. दोन्ही देशांची चांद्र पंचांगं एकाच नियमांवर चालतात, आकाश तर सगळ्यांचं एकच. तरीही त्या वर्षी दोन्ही देशांच्या नववर्षांत एका दिवसाचा नव्हे, संपूर्ण महिन्याचा फरक पडला. जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्यांचा प्राणी कसा ठरतो, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आधी सोपा भाग. बारा प्राण्यांचं चक्र उंदरापासून सुरू होतं: उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढी, माकड, कोंबडा, कुत्रा, डुक्कर. इसवी सनाला १२ ने भागलं आणि बाकी ४ उरली की उंदीर, ५ उरली की बैल, ६ उरली की वाघ, असं पुढे चालत राहतं. १९८४ ला भागल्यावर ४ उरतात, म्हणून १९८४ उंदराचं आणि १९८५ बैलाचं. मार्च ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्यांसाठी एवढा हिशेब पुरतो.

पण चिनी वर्ष १ जानेवारीला बदलत नाही. नववर्षाचा दिवस २१ जानेवारीच्या आसपास ते २० फेब्रुवारीच्या आसपास कधीही येऊ शकतो. २०२४ मध्ये तो १० फेब्रुवारीला आला, २०२५ मध्ये २९ जानेवारीला आणि २०२६ मध्ये १७ फेब्रुवारीला. त्या दिवसाच्या आधी जन्मलेल्यांना मागच्या वर्षाचा प्राणी मिळतो. म्हणजे ५ फेब्रुवारी २०२६ चा जन्म घोड्याच्या नव्हे, सापाच्या वर्षातला. १ ते २० जानेवारीत जन्म असेल तर मागचंच वर्ष धरायचं. त्यानंतरच्या महिनाभरातल्या जन्मांसाठी मात्र त्या-त्या वर्षीची नववर्षाची तारीख पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

ही तारीख एवढी का हलते, ते आपल्याला पटकन कळण्यासारखं आहे, कारण आपलं पंचांगही चंद्र आणि सूर्य दोघांना सांभाळून चालतं. बारा चांद्रमास मिळून सुमारे ३५४ दिवस होतात. सौरवर्षाला ते जवळजवळ अकरा दिवस कमी पडतात, म्हणून नववर्ष दरवर्षी तेवढं मागे सरकतं आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जातं. चिनी पंचांगातही अधिक महिना असतो आणि त्याचं तत्त्वही ओळखीचं आहे. सूर्याच्या वर्षभराच्या वाटेचे तीस-तीस अंशांवर बारा टप्पे पाडलेले असतात. त्यांना ‘झोंगची’ म्हणतात. ज्या महिन्यात सूर्याची संक्रांत होत नाही तो आपल्याकडे अधिक, तसा ज्यात झोंगची येत नाही तो तिथे सहसा अधिक ठरतो. फरक एवढाच की आपल्या संक्रांती ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मोजतात, तर झोंगची वसंतसंपातापासून. त्यामुळे २१-२२ डिसेंबरचा वर्षातला सर्वांत लहान दिवस, म्हणजे दक्षिणायनाचा शेवट, हा तिथे एक झोंगचीच असतो.

आणि सगळं पंचांग याच दिवसाला बांधलेलं आहे. हा दिवस ज्या चांद्रमासात पडेल तो अकरावा महिना, हा नियम कधीच मोडत नाही. त्यानंतर बारावा आणि मग पहिला, म्हणजे नवं वर्ष. मध्ये अधिक महिना आला नाही, तर डिसेंबरच्या त्या दिवसानंतरची दुसरी अमावास्या हा नववर्षाचा दिवस.

महिना सुरू होण्याची पद्धत मात्र आपल्यापेक्षा थोडी वेगळी. सूर्य आणि चंद्र यांची युती होते, म्हणजे आपल्या पंचांगात अमावास्या संपते, तो क्षण ज्या तारखेला येतो ती पूर्ण तारीख चिनी महिन्याचा पहिला दिवस. सूर्योदय पाहत नाहीत. दिवस मध्यरात्री ते मध्यरात्री धरतात, युती रात्री अकराला झाली तरी त्या दिवसाची सकाळसुद्धा नव्या महिन्यातच जाते. झोंगचीचंही तसंच, क्षण कोणता यापेक्षा तारीख कोणती हे महत्त्वाचं. चीनमध्ये ही तारीख १२० अंश पूर्व रेखांशाच्या वेळेने, म्हणजे ग्रीनिचच्या आठ तास पुढे, पाहतात. व्हिएतनाम सात तास पुढची वेळ वापरतो. बहुतेक वर्षी या एका तासाने काहीच बिघडत नाही. १९८४ च्या डिसेंबरात बिघडलं.

त्या वर्षी सर्वांत लहान दिवसाचा क्षण ग्रीनिच वेळेनुसार २१ डिसेंबरला दुपारी ४ वाजून २३ मिनिटांनी आला. हानोईच्या घड्याळात तेव्हा रात्रीचे ११:२३ झाले होते, तारीख २१. बीजिंगमध्ये मध्यरात्र उलटून २३ मिनिटं झाली होती, तारीख २२. आणि युती झाली २२ डिसेंबरला, दोन्ही देशांच्या वेळेने संध्याकाळीच. म्हणजे २२ डिसेंबर हा दोन्हीकडे नव्या चांद्रमासाचा पहिला दिवस.

आता नियम लावून पाहू. व्हिएतनाममध्ये तो सर्वांत लहान दिवस २१ तारखेला, म्हणजे जुन्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी पडला. म्हणून २३ नोव्हेंबरला सुरू झालेला तो महिना अकरावा ठरला. २२ डिसेंबरला बारावा लागला आणि पुढच्या युतीला, २१ जानेवारी १९८५ ला, नवं वर्ष. चीनमध्ये मात्र तो दिवस नव्या महिन्याच्या पहिल्याच तारखेला पडला. त्यामुळे २२ डिसेंबरला सुरू झालेला महिना अकरावा, २१ जानेवारीचा बारावा, आणि नववर्ष थेट २० फेब्रुवारीला. मग २३ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर या महिन्याचं काय झालं? त्यात एकही झोंगची नव्हता. आधीचा २२ नोव्हेंबरला होऊन गेला होता आणि पुढचा तेवीस मिनिटांनी हुकला. म्हणून चीनमध्ये तो अधिक दहावा महिना ठरला.

परिणाम असा की २ फेब्रुवारी १९८४ ला दोन्ही देशांत सुरू झालेलं उंदराचं वर्ष व्हिएतनाममध्ये ३५४ दिवसांत संपलं आणि चीनमध्ये ३८४ दिवस चाललं. २१ जानेवारी ते १९ फेब्रुवारी १९८५ या तीस दिवसांतल्या प्रत्येक बाळाचे दोन देशांत दोन वेगळे प्राणी झाले. कोणाचंही गणित चुकलेलं नव्हतं.

नववर्षाच्या तारखेला दोन टोकं का असतात, हेही यातूनच उलगडतं. डिसेंबरमधला तो दिवस अकराव्या महिन्याच्या पहिल्या तारखेला आला की नववर्ष सर्वांत उशिरा येतं. चीनमध्ये १९८५ ला हेच घडलं. तो महिन्याच्या शेवटच्या तारखेला आला की सर्वांत लवकर येतं, जसं १९६६ मध्ये २१ जानेवारीला आलं. पण इथे एक अपवाद लक्षात ठेवावा लागतो. २०३३ च्या डिसेंबरातही तो दिवस महिन्याच्या शेवटच्या तारखेला येणार आहे, आणि दुसरी अमावास्या २० जानेवारी २०३४ ला. तरीही नववर्ष त्या दिवशी नाही. अकराव्या महिन्यानंतरच अधिक महिना येत असल्याने ते तिसऱ्या अमावास्येला, १९ फेब्रुवारी २०३४ ला आहे. ‘दुसरी अमावास्या’ एवढंच पाठ करून ठेवलेला माणूस इथे महिनाभराने चुकेल.

आतापर्यंत सांगितली ती चीन आणि व्हिएतनाममधल्या सर्वसामान्य लोकांची पद्धत. चिनी ज्योतिषात जन्मवेळेवरून पत्रिका मांडणारे बरेच जण मात्र वर्ष चंद्रावरून बदलतच नाहीत. ते ‘लीचुन’ला, म्हणजे वसंतारंभाच्या सौर टप्प्याला बदलतात. तो दरवर्षी ४ फेब्रुवारीच्या आगेमागे एखाद्या दिवसाने येतो. १० फेब्रुवारी १९८५ ला चीनमध्ये जन्मलेल्या मुलाला आजी उंदीर म्हणेल आणि पत्रिका पाहणारा बैल. आजी जी पद्धत पाळते तीच घराघरांत आणि सणाच्या दिवशी चालते, म्हणून नुसता प्राणी विचारला असेल तर मी तिचंच उत्तर धरेन.

जपानची तऱ्हा आणखी निराळी. १८७३ पासून तिथे ग्रेगोरियन कॅलेंडर आलं आणि प्राण्याचं वर्षही १ जानेवारीला बदलू लागलं. १९६६ हे अग्नितत्त्वाच्या घोड्याचं वर्ष होतं, साठ वर्षांतून एकदा येणारं. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला घातक ठरते, अशी समजूत जपानमध्ये फार जुनी. १९६५ मध्ये तिथे सुमारे १८ लाख २० हजार बाळं जन्मली होती, १९६६ मध्ये जेमतेम १३ लाख ६० हजार. एका निराधार समजुतीने एवढी मोठी घट झाली, याचं मला आजही वाईट वाटतं. आणि १० जानेवारी १९६६ ला जन्मलेल्या ज्या मुलीला टोकियोत हा शिक्का बसला, ती चिनी पंचांगाने घोड्याच्या वर्षातली नव्हतीच. तिथे अजून सापाचं वर्ष चालू होतं.

प्राणी सांगणारी संकेतस्थळं आणि अ‍ॅप यांतली कोणती पद्धत वापरतात हे सहसा लिहीत नाहीत, पण ते ओळखायला १९८५ चा तोच हिवाळा कामी येतो. आधी १५ जानेवारी १९८५ ही तारीख घालून पाहा. उत्तर बैल आलं तर तिथे नुसता इसवी सन पाहिला जातो, आणि जपानबाहेर ते उत्तर चूक. उंदीर आलं तर २५ जानेवारी घाला. आता बैल किंवा म्हैस आली तर व्हिएतनामचं पंचांग वापरलेलं आहे. पुन्हा उंदीरच आला तर १० फेब्रुवारी घाला. इथे बैल म्हणजे लीचुनची पद्धत आणि उंदीर म्हणजे चिनी चांद्र नववर्षाची. तुमची स्वतःची जन्मतारीख त्यानंतर घाला.