घोडा गाडीला ओढतो, गाडी घोड्याला तेवढंच ओढते, मग टांगा पुढे जातो कसा? थोडी पार्श्वभूमी

माझा भाचा नववीत आहे, गेल्या आठवड्यात त्याने न्यूटनच्या तिसऱ्या नियमावरून, म्हणजे प्रत्येक क्रियेला तेवढीच आणि उलट दिशेची प्रतिक्रिया असते यावरून, नेहमीचाच प्रश्न विचारला. घोडा गाडीला जेवढ्या जोराने ओढतो तेवढ्याच जोराने गाडी घोड्याला मागे ओढते, मग दोन्ही कटाप होऊन टांगा जागेवरच थांबायला हवा ना? मला आठवतंय की आम्ही शाळेत असताना हाच प्रश्न एकाने विचारला होता आणि तेव्हा उत्तर मिळालं होतं की घोड्याचा जोर थोडा जास्त असतो म्हणून गाडी हलते. ते उत्तर चूक होतं आणि साधीसुधी चूक नाही, त्याने नियमच मोडतो. दोन्ही जोर शेवटपर्यंत तंतोतंत सारखेच राहतात, टांगा उभा असताना, सुटताना आणि भरधाव पळतानासुद्धा. हे कुठून आलं आणि गोंधळ नेमका कुठे शिरला ते जरा नीट लिहून ठेवतोय.

सुरुवात न्यूटनने हा नियम मांडला त्या १६८७ च्या लॅटिन ग्रंथापासून, 'प्रिन्सिपिया'पासून. बऱ्याच जणांना वाटतं की घोडागाडीचं उदाहरण नंतर कुणीतरी मास्तरांनी काढलं, पण घोडा मूळ नियमाच्या खालीच उभा आहे, फक्त त्याच्या मागे गाडी नसून दोरीला बांधलेला दगड आहे. घोडा दगडाला ओढतो तेव्हा घोडाही, असं म्हणता आलं तर, दगडाकडे तेवढाच ओढला जातो. ते 'असं म्हणता आलं तर' मूळ लेखकाने स्वतः घातलंय, म्हणजे ऐकायला विचित्र वाटेल हे त्यालाही कळत होतं. पुढे तो म्हणतो की ताणलेली दोरी एकाला जेवढी अडवते तेवढीच दुसऱ्याला पुढे नेते. पण तिथे जमिनीचा उल्लेख नाही. घोडा, दोरी, दगड, एवढंच. माझ्या मते पुढच्या तीनशे वर्षांचं कोडं या एका गाळलेल्या गोष्टीतून आलंय, कारण घोडा पुढे जातो तो जमिनीमुळे.

आता 'क्रिया' आणि 'प्रतिक्रिया' हे शब्द, खरी गुंतागुंत इथे आहे. मराठीत प्रतिक्रिया म्हणजे आधी कुणीतरी काही केलं आणि मग दुसऱ्याने त्यावर काहीतरी केलं. बातमीवर लोकांची प्रतिक्रिया येते, औषधाची अंगावर रिअॅक्शन येते, दोन्हीकडे आधी आणि नंतर आहे. नियमात तसं आधी-नंतर काहीही नाही. घोडा दांड्यांना पुढे खेचतो त्याच क्षणी दांड्या घोड्याला मागे खेचतात, यातलं क्रिया कोणाला म्हणायचं आणि प्रतिक्रिया कोणाला हे पूर्ण आपल्या मर्जीवर आहे, नावं उलटी केली तरी काही फरक पडत नाही. लॅटिन शब्दही काही फार स्वच्छ नव्हता. त्याच नियमाच्या पुढच्या लांबलचक टिपेत लेखक शेवटी 'क्रिया' मोजताना बल आणि वेग दोन्ही एकत्र धरतो, म्हणजे तिथे तोच शब्द वेगळ्या अर्थाने आलाय, आणि १८६७ च्या एका जाडजूड इंग्रजी ग्रंथात त्याच ओळींमध्ये ऊर्जेचं तत्त्व लपलंय असं वाचलं गेलं. त्याच्याही आधी, अठराव्या शतकात, वस्तूला वेग देताना तिचा जडपणा जो विरोध करतो त्यालाच प्रतिक्रिया म्हणायची सवय लागली होती. म्हणजे एकाच शब्दाचे तीन अर्थ झाले: जोडीतलं दुसरं बल, बल गुणिले वेग, आणि जडत्वाचा विरोध. आपल्याकडे पाठ्यपुस्तकात शब्द आला तो हे सगळं सामान घेऊनच आला.

अलीकडच्या नववीच्या पुस्तकात नुसतं क्रिया न म्हणता 'क्रिया बल' आणि 'प्रतिक्रिया बल' म्हटलंय आणि दोन्ही एकाच वेळी लागतात हेही लिहिलंय, ही चांगली सुधारणा आहे. पण शब्द तेच ठेवायचा निर्णय मला अजून पटत नाही. 'परस्पर बलं' म्हटलं असतं तरी चाललं असतं. काहींचं म्हणणं असतं की जुना शब्द सगळ्यांच्या तोंडात बसलाय, परीक्षेला तोच येतो, बदलून गोंधळ वाढेल. तेही अगदी खोटं नाही, पण पुस्तक टेबलावर ठेवलंय तिथे पुस्तकाचं वजन ही क्रिया आणि टेबलाचा वरचा रेटा ही प्रतिक्रिया असं हुशार मुलंही लिहितात ते याच शब्दामुळे, कारण एकाचं उत्तर दुसरं असं ऐकू येतं. प्रत्यक्षात ती दोन्ही बलं एकाच पुस्तकावर आहेत, म्हणून ती या नियमातली जोडी होऊच शकत नाही. वजनाची खरी जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला वर ओढतं ते.

आता टांगा घेऊ आणि आकडे घालून बघू. आकडे मी हिशोबाला सोपे पडावेत म्हणून धरलेत. घोडा ३०० किलोचा, गाडी माणसांसकट ४०० किलोची, आणि चाकांचा रस्त्यावरचा विरोध १२० न्यूटन (१० न्यूटन म्हणजे एक किलोची पिशवी हातात धरल्यावर जाणवतं साधारण तेवढं). टांगा सुटताना वेग दर सेकंदाला अर्ध्या मीटरने वाढतोय असं धरू. आधी फक्त गाडीकडे बघा, घोडा विसरा. ४०० किलोला तेवढा वेग द्यायला २०० न्यूटन लागतात आणि वर चाकांचे १२०, म्हणजे दांड्यांनी गाडीला ३२० न्यूटनने पुढे ओढायला हवं. आता फक्त घोड्याकडे बघा. गाडी त्याला मागे ओढतेय बरोब्बर ३२० न्यूटनने, एक न्यूटन कमी नाही की जास्त नाही. घोड्याला स्वतःला तोच वेग घ्यायला १५० न्यूटन हवेत, म्हणून जमिनीने त्याला ४७० न्यूटनने पुढे ढकलायला हवं. तो नाल रोवून जमिनीला ४७० ने मागे रेटतो आणि जमीन त्याला ४७० ने पुढे रेटते, ही झाली दुसरी जोडी. आता ३२० आणि ३२० कटाप का होत नाहीत ते दिसतं, एक गाडीवर आहे आणि एक घोड्यावर. घोडा आणि गाडी मिळून एकच वस्तू धरली तरच ती दोन्ही हिशोबातून जातात, आणि मग उरतात जमिनीचे ४७० वजा चाकांचे १२०, म्हणजे ३५०, आणि ७०० किलोला अर्धा मीटर वेग द्यायला ३५०च लागतात. दोन्ही वाटांनी उत्तर एकच येतं.

एकदा टांगा एकसारख्या वेगाने चालायला लागला की दांड्यांमधला ओढा १२० वर येतो आणि जमिनीचा रेटाही १२०. आता पाऊस पडलाय, रस्त्यावर तेल सांडलंय आणि नालांना जेमतेम १०० न्यूटनचीच पकड मिळतेय असं समजा. जमीन घोड्याला १०० देते, तो गाडीला १०० ने ओढतो, गाडी त्याला १०० ने मागे धरते, पाय घसरतात आणि टांगा हलत नाही. नियम तेव्हाही मोडत नाही, जोडी इथेही सारखीच आहे. बदललं काय, तर फक्त जमिनीने दिलेलं बल. घोड्याचा जोर गाडीपेक्षा जास्त असतो हे उत्तर इथेच पकडलं जातं, कारण जास्त-कमीची तुलना करायची ती जमिनीचा रेटा आणि चाकांचा विरोध यांची.

हे घरीही तपासता येतं. दोन ताणकाटे एकमेकांच्या हुकात अडकवायचे, एक टोक जड खोक्याला बांधायचं, दुसरं हातात धरून ओढायचं. खोकं हलायच्या आधी, हलताना, आणि सरळ चालल्यावर, तिन्ही वेळी दोन्ही काटे सारखंच दाखवतात. फक्त आधी दोन्हींवर एकेक किलो टांगून बघा आणि आडवे धरल्यावर शून्य परत जुळवा, कारण उभ्या काट्यात हुकाचं स्वतःचं वजनही धरलेलं असतं. खसकन ओढलं तर थोडा फरक दिसतो, तो नियमाचा नाही, मधल्या स्प्रिंगलाही वजन आहे आणि तिलाही वेग द्यावा लागतो त्याचा आहे. जाड दोरखंडाची दोन टोकं मोजली तरी हेच दिसेल.

लोकांना हे किती जड जातं त्याचे पुरावे नंतरच्या काळातले आहेत. १९२० साली एका मोठ्या अमेरिकन वर्तमानपत्राने अग्रलेखात लिहिलं की निर्वात जागेत रॉकेट चालणार नाही, रेटायला मागे काहीतरी हवं. ती दुरुस्ती त्यांनी छापली जुलै १९६९ मध्ये, माणसं चंद्राच्या वाटेवर असताना. घोड्याला रेटायला जमीन लागते हे खरंच, पण रॉकेट स्वतःच सोडलेल्या वायूला रेटतं, त्याची जोडी त्या वायूशी आहे. पुढे १९९२ साली तिकडेच एक प्रश्नसंच निघाला, त्यात मोठा ट्रक आणि छोटी कार समोरासमोर धडकतात आणि कोण कोणावर जास्त बल लावतं असं विचारलंय. बरोबर उत्तर दोन्ही सारखं, पण पुष्कळ मुलं ट्रक म्हणतात. कारचा चुराडा होतो तो ती हलकी आहे आणि तिचा वेग जास्त झपकन बदलतो म्हणून. नियमाला खरी अडचण आली ती वेगळ्याच ठिकाणी, धावत्या विद्युतभारांमध्ये, तिथे दोघांमधली बलं प्रत्येक क्षणी सारखी आणि उलटी निघत नाहीत आणि काही संवेग मधल्या विद्युत-चुंबकीय क्षेत्रात असतो असं मानावं लागतं. टांग्याला त्याचा काही उपद्रव नाही.

आपल्या नाशिकमध्ये याचं फार सुंदर उदाहरण होऊन गेलंय आणि ते शाळेत कुणी सांगत नाही. १८८९ मध्ये मेन रोडपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत ट्राम सुरू झाली, दोन डबे आणि ओढायला चार घोडे. डबे गुळगुळीत लोखंडी रुळांवर, म्हणजे चाकांचा विरोध रस्त्यापेक्षा कितीतरी कमी, आणि घोड्यांच्या ट्राममध्ये घोडे चालतात रुळांच्या मधल्या जमिनीवर, म्हणजे नालांना पकड जशीच्या तशी. वरच्या हिशोबातला १२० चा आकडा खाली आला आणि जमिनीच्या रेट्याला काही धक्का लागला नाही, म्हणून तेवढेच घोडे जास्त माणसं ओढू शकतात. पुढे घोडे जाऊन पेट्रोलचं इंजिन आलं. इंजिनाला मात्र रेटायचं तेही त्याच गुळगुळीत रुळाला, लोखंडावर लोखंडाची पकड कमी, म्हणून रुळावरच्या इंजिनांचं वजन चालवणाऱ्या चाकांवर पुरेसं असावं लागतं आणि ओल्या रुळावर चाकं जागच्या जागी फिरायला लागली की पुढे वाळू टाकावी लागते. घोड्याला तिथे मातीच पुरत होती.