डेल्टा, गॅमा आणि विकलेल्या कॉलचे डेल्टा हेजिंग

शेअरची किंमत एक रुपयाने हलली असता त्या शेअरवरील ऑप्शनचा भाव किती हलेल, याचे माप म्हणजे डेल्टा. आणि त्याच एका रुपयाच्या हालचालीने डेल्टा स्वतः किती बदलेल, याचे माप म्हणजे गॅमा. कॉल ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने, म्हणजे स्ट्राइकने, एक्सपायरी या शेवटच्या दिवशी शेअर विकत घेण्याचा हक्क; त्याचा डेल्टा ० ते १ या मर्यादेत राहतो. शेअर स्ट्राइकच्या बराच खाली असेल तर तो शून्याजवळ असतो, बराच वर असेल तर १ च्या जवळ जातो आणि स्ट्राइकच्या आसपास साधारण ०.५ असतो. गॅमा मात्र नेमका याच मधल्या टापूत सर्वांत मोठा असतो. कॉल विकणाऱ्याची, म्हणजे रायटरची, मुख्य अडचण डेल्टाची नसून गॅमाची असते, कारण डेल्टा शेअर विकत घेऊन भरून काढता येतो, पण शेअरला गॅमा नसल्यामुळे गॅमा तसा भरून काढता येत नाही.

डेल्टाला पुष्कळदा ‘कॉल फायद्यात संपण्याची शक्यता’ म्हटले जाते. हे ढोबळमानाने चालत असले तरी ते बरोबर नाही. ऑप्शनचा भाव काढण्यासाठी १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्लॅक-शोल्स सूत्रात या दोन वेगवेगळ्या संख्या आहेत, आणि हेजिंगसाठी, म्हणजे जोखीम झाकण्यासाठी, किती शेअर हवेत हे त्यांपैकी फक्त डेल्टा सांगतो.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. शेअरची किंमत १००० रुपये, स्ट्राइकही १०००, एक्सपायरीला ३० दिवस, वार्षिक इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, म्हणजे ऑप्शनच्या भावात गृहीत धरलेले शेअरच्या चढउताराचे प्रमाण, २४ टक्के; हिशेब सोपा राहावा म्हणून व्याजदर शून्य धरला आहे आणि लाभांश नाही. सूत्राप्रमाणे कॉलचा भाव २७.४४ रुपये, डेल्टा ०.५१४ आणि गॅमा ०.००५८ येतो. रायटरने ५०० शेअरांचे १० लॉट, म्हणजे ५००० शेअरांवरचे कॉल विकले आणि १,३७,२०० रुपये प्रीमियम घेतला. विकलेल्या कॉलचा डेल्टा त्याच्या बाजूने ऋण असल्यामुळे त्याची स्थिती ५००० गुणिले ०.५१४, म्हणजे २५७० शेअर शॉर्ट, हाती नसताना विकलेले, असल्यासारखी आहे. म्हणून तो २५७० शेअर विकत घेतो. एवढ्यावर त्याची स्थिती त्या क्षणापुरती डेल्टा-न्यूट्रल होते: किंमत रुपया-दोन रुपये इकडेतिकडे झाली तरी कॉलवर जे जाते ते शेअरवर परत येते. प्रत्यक्षात पुष्कळ जण शेअरऐवजी फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेला ठरल्या भावाने शेअर घेण्याचे करार, घेतात, कारण तेथे पूर्ण रक्कम न गुंतवता मार्जिनवर, म्हणजे अनामत रकमेवर, काम भागते. मात्र फ्युचर्स पूर्ण लॉटमध्येच मिळत असल्याने पाच लॉटचे २५०० शेअर झाकले जातात आणि उरलेल्या ७० शेअरांची जोखीम तशीच राहते.

दुसऱ्या दिवशी शेअर १०३० वर गेला असे समजा. कॉल आता ४४.९६ रुपयांचा झाला, म्हणजे रायटरचे ८७,६०० रुपये गेले. २५७० शेअरांवर ३० रुपयांप्रमाणे ७७,१०० रुपये आले. हेजिंग अचूक करूनही १०,५०० रुपयांचा तोटा झाला, कारण वाटेत डेल्टा वाढत गेला आणि हाती शेअर तेवढेच राहिले. नवा डेल्टा ०.६८१ असल्यामुळे आता ३४०५ शेअर हवेत; रायटर ८३५ शेअर १०३० या चढ्या भावात घेतो. तिसऱ्या दिवशी शेअर पुन्हा १००० वर आला. कॉल २६.५१ रुपयांवर उतरल्याने ९२,२५० रुपये परत मिळाले, पण ३४०५ शेअरांवर १,०२,१५० रुपये गेले: आणखी ९,९०० रुपयांचा तोटा. डेल्टा ०.५१३ वर आल्यामुळे तो ८४० शेअर १००० ला विकून टाकतो. किंमत होती तिथेच परत आली, तरी रायटरचे २०,४०० रुपये गेले. ऋण गॅमाचा खरा अर्थ एवढाच: हेज टिकवण्यासाठी महाग झाल्यावर घ्यावे लागते आणि स्वस्त झाल्यावर विकावे लागते.

मग हा व्यवहार कोणी का करावा? याचे उत्तर थीटामध्ये, म्हणजे दिवस सरतील तसा ऑप्शनचा भाव उतरण्यामध्ये, आहे. शेअर जागचा हलला नसता तर पहिल्या दिवसअखेर कॉलचा भाव सुमारे ४६ पैशांनी उतरला असता आणि रायटरला सुमारे २,३०० रुपये मिळाले असते. दुसरीकडे किमतीच्या हालचालीने होणारा तोटा, प्रत्येक शेअरमागे, अंदाजे ½ × गॅमा × (किमतीतील बदल)² एवढा असतो. ही दोन अंगे समान करून पाहिली की उत्तर साडेबारा रुपयांच्या जरासे वर येते, आणि वार्षिक २४ टक्के व्होलॅटिलिटीचे एका दिवसाचे प्रमाणही तेवढेच आहे. म्हणजे शेअर दिवसाला सरासरी यापेक्षा कमी हलला तर रायटर कमावतो, जास्त हलला तर गमावतो. डेल्टा हेजिंगने दिशेवरची पैज निघून जाते आणि प्रत्यक्ष व्होलॅटिलिटी ही विकताना घेतलेल्या इम्प्लाइड व्होलॅटिलिटीपेक्षा कमी राहील की नाही, ही पैज उरते. सूत्रात बदलाचा वर्ग असल्यामुळे ३० रुपयांची एकच उडी १० रुपयांच्या तीन दिवसांपेक्षा तिप्पट महाग पडते.

हेज किती वेळा बदलावा याचा एकच नियम नाही. चौपट वेळा बदलल्यास हेजिंगमधील चूक साधारण निम्म्यावर येते, पण दलाली, करभार आणि खरेदी-विक्री भावांतील फरक प्रत्येक फेरीला द्यावा लागतो. घड्याळाप्रमाणे चालण्यापेक्षा डेल्टाला एक पट्टा ठरवून, तो ओलांडला की दुरुस्ती करणे बहुधा स्वस्त पडते. मात्र पट्टा ओलांडूनही ‘भाव परत येईल’ म्हणून थांबणे हे हेजिंग राहत नाही. ती पुन्हा दिशेवरची पैज होते.

एक्सपायरी जवळ येईल तसा स्ट्राइकलगतचा गॅमा झपाट्याने वाढतो. वरच्याच कॉलचा एक दिवस उरला असता गॅमा ०.०३२ च्या घरात, म्हणजे सुरुवातीच्या साडेपाचपट होतो. तेव्हा शेअर १००० वरून १०१० वर गेला एवढ्यानेच डेल्टा ०.५० वरून ०.७९ वर जातो आणि १४०० हून अधिक शेअर घ्यावे लागतात. तासाभराने तेच विकावे लागू शकतात. म्हणून अनुभवी रायटर स्ट्राइकलगतचे कॉल शेवटच्या दिवसापर्यंत न ठेवता परत घेतात, किंवा दुसरा कॉल विकत घेऊन ऋण गॅमा कमी करतात. गॅमा ऑप्शननेच भरून निघतो.

या पद्धतीची कठोर मर्यादा म्हणजे मधले भाव उपलब्ध असावे लागतात. १८ मे २००९ रोजी, लोकसभा निकालानंतरच्या सोमवारी, निफ्टी उघडताच वरच्या सर्किटला, म्हणजे व्यवहार थांबवणाऱ्या वाढीच्या मर्यादेला, लागला, व्यवहार थांबले, पुन्हा सुरू होताच दुसरे सर्किट लागले आणि बाजार दिवसभरासाठी बंद झाला. निर्देशांक १७ टक्क्यांहून अधिक वर होता. शुक्रवारच्या डेल्टाप्रमाणे काटेकोर हेज केलेल्या कॉल रायटरलाही वाटेत एकही फ्युचर घेण्याची सोय नव्हती.

भारतात शेअरवरील ऑप्शन प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन पूर्ण होतात. उदाहरणातील शेअर शेवटी १००० च्या वर राहिला तर डेल्टा १ झालेला असतो, रायटरच्या हाती सर्व ५००० शेअर असतात आणि ते तो १००० रुपये दराने देऊन टाकतो. खाली राहिला तर डेल्टा शून्यावर येतो आणि शेवटचा शेअरही विकलेला असतो.