भाकरीत मीठ नाही, मग जातं कुठे?

१९९७ साली अमेरिकेत रक्तदाबावर एक प्रयोग झाला. ४५९ माणसांना आठ आठवडे ठरवून दिलेलंच जेवण दिलं. एका गटाला नेहमीचं अमेरिकी जेवण, एकाला फळं आणि भाज्या वाढवलेलं, आणि तिसऱ्याला फळं-भाज्यांसोबत कमी स्निग्धांशाचं दूध-दही आणि कमी चरबी असलेलं. मीठ मात्र तिन्ही गटांत सारखंच ठेवलं होतं. तरीही तिसऱ्या गटातल्या ज्यांना आधीपासून उच्च रक्तदाब होता, त्यांचा वरचा आकडा पहिल्या गटाच्या तुलनेत सरासरी ११ अंकांनी उतरला, आणि हा फरक दोनच आठवड्यांत दिसू लागला. ही आहारपद्धती 'डॅश' म्हणून ओळखली जाते. २००१ च्या पुढच्या प्रयोगात मीठही टप्प्याटप्प्याने कमी केलं, तेव्हा दाब आणखी खाली आला.

म्हणजे कामं दोन आहेत: ताटात भाजी, डाळ, फळ वाढवणं आणि मीठ घटवणं. सांगली-साताऱ्याकडच्या शाकाहारी ताटाला यातलं पहिलं फारसं अवघड नाही. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, मेथी, ताक हे सगळं डॅशमध्ये चपखल बसतं. कोरेगावचा वाघ्या घेवडा रात्री भिजवून सकाळी शिजवला की त्यातून प्रथिनं, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तिन्ही मिळतात. पोटॅशियम पुरेसं असलं की मूत्रपिंड जास्तीचं सोडियम लघवीवाटे बाहेर टाकतं आणि रक्तवाहिन्याही सैलावतात. अडचण प्रमाणाची आहे. डॅशमध्ये दिवसाला साधारण चार-पाच लहान वाट्या शिजलेली भाजी धरलेली असते. आपल्याकडे भाजी तोंडी लावण्यापुरती आणि पोट भरतं ते भाकरी-भातावर. तेव्हा तीन भाकऱ्यांच्या दोन करा आणि भाजीची वाटी दुप्पट करा. आमटी पातळ असेल तर तिला डाळीची वाटी समजू नका; घट्ट वरण किंवा उसळ घ्या.

आता मीठ. आपण किती खातो याचा अंदाज जेवताना कुणालाच येत नाही, पण घरातली पिशवी तो सांगते. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. समजा, सांगलीत विश्रामबागच्या एका घरात चार मोठी माणसं आहेत. चौघांचं मिळून २० ग्रॅम, म्हणजे एक किलोची पिशवी किमान ५० दिवस पुरायला हवी. ती २५ दिवसांत संपत असेल, तर माणशी १० ग्रॅम जातंय. पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहून ठेवा. लोणच्याला किंवा वाळवणाला लागणारं मीठ मात्र वेगळ्या पिशवीतून घ्या, नाहीतर हिशेब फसतो. बाहेरून आणलेल्या भडंग-फरसाणातलं मीठ या हिशेबात येतच नाही, हेही लक्षात असू द्या.

याच घरात बदल कसा करायचा? सकाळी एका वाटीत चहाचे तीन सपाट चमचे मीठ काढायचं, म्हणजे साधारण १६-१७ ग्रॅम, आणि दिवसभराचा स्वयंपाक त्यातच करायचा. उरलेले तीन-चार ग्रॅम लोणचं, चटणी यांच्या वाट्याला. भाकरीच्या पिठात बहुतेक घरांत मीठ नसतंच. कणकेतलंही काढून टाका, फरक कळणार नाही. कोशिंबिरीत मीठ घालूच नका. लिंबू, दाण्याचं कूट, कोथिंबीर यांनी ती छान लागते. ताकात मिठाऐवजी जिरेपूड आणि आलं. पापड आणि सांडगी मिरची रोजच्या ताटातून उचला. पापडात मिठाखेरीज पापडखारही असतो आणि त्यातही सोडियमच असतं. संध्याकाळच्या भडंगाऐवजी पेरू, केळं किंवा मूठभर खारवलेले नसलेले शेंगदाणे. पहिले काही आठवडे जेवण अळणी वाटेल; मग जीभ सरावते आणि जुनी आमटी खारट लागायला लागते.

सैंधवाने यातलं काही साधत नाही, कारण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि तिथे फार जपायला हवं. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील, तर पोटॅशियम रक्तात साठून हृदयाची लय बिघडू शकते. अशा रुग्णांनी हे मीठ तर नाहीच, पण डाळी, पालेभाज्या आणि केळीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नयेत.

दाब मोजताना पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, रोज त्याच वेळी मोजा आणि आकडे वहीत लिहा. आहार बदलल्यावर उठताना चक्कर येऊ लागली, तर गोळीचा डोस आता जास्त होत असण्याची शक्यता असते. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद न करता ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा.